सोलरच्या बचतीत इन्वर्टरचा खर्च धरलात का?



पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतही छपरावर सोलर प्लेटा दिसायला लागल्या. त्याबरोबर घरोघरी माहितीपत्रकंही आली. पत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं : २५ वर्षं मोफत वीज, इतक्या लाखांची बचत. बसवणारा भाऊ तोंडानेही तेच सांगतो, "वयनी, एकदा लावलास काय पंचवीस वर्सां बघूक नको."

प्लेटांबद्दल तो खोटं बोलत नाही. चांगल्या कंपनीची प्लेट २५ वर्षांनंतरही मूळच्या साधारण ८० टक्के वीज देईल अशी लेखी हमी मिळते. पण प्लेट एकटी काही करू शकत नाही. तिच्याखाली भिंतीवर एक पेटी असते, ती म्हणजे सोलर इन्वर्टर. ही पेटी २५ वर्षं चालत नाही. साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास ती बदलावी लागते, आणि तो खर्च पत्रकातल्या बचतीत बहुतेक वेळा धरलेला नसतो. या अंकात फक्त तेवढंच बघूया : ती पेटी कधी जाते, किती पैसे लागतात आणि ते आधीपासून कसे बाजूला काढायचे.

आधी एक गोंधळ दूर करते. "इन्वर्टर" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पडवीच्या कोपऱ्यातला बॅटरीचा इन्वर्टर येतो, लाईट गेल्यावर पंखा चालवणारा. सोलरचा इन्वर्टर वेगळा. प्लेटांमधून येणारी वीज डीसी असते, टॉर्चच्या सेलसारखी. घरातली उपकरणं आणि महावितरणची लाईन एसीवर चालतात. डीसीची एसी करणं आणि ती लाईनशी जुळवून घरात सोडणं, हे या पेटीचं काम. नेट मीटरवाल्या साध्या सिस्टीमला बॅटरी नसते. म्हणून बाहेरची लाईट गेली की हा इन्वर्टरही बंद होतो. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून गेलेल्या विजेचा झटका बसेल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आपल्याकडे किती दिवस अंधार होता ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा नुसती नेट मीटरची सोलर असती तरी घरात दिवा लागला नसता. दुकानात किंवा बैठकीत विचारताना म्हणून "सोलरचा, बिनबॅटरीचा इन्वर्टर" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर भलत्याच वस्तूची किंमत ऐकून घरी याल.

आता ही पेटी प्लेटांच्या आधी का जाते? प्लेट म्हणजे काचेखाली पडून राहिलेली वस्तू, तिच्यात हलणारं-फिरणारं काही नाही. इन्वर्टर मात्र रोज उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम करतो आणि काम करताना तापतो. त्याच्या आत कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात, पंखा बिघडला की पंखेवाला जो बदलतो त्याच जातीचे. त्यातल्या काही प्रकारांत पातळ रसायन असतं आणि उष्णतेने ते वर्षानुवर्षं हळूहळू सुकत जातं. तंत्रज्ञ लोक एक ढोबळ नियम सांगतात की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणजे पेटी सावलीत, हवेशीर भिंतीवर असेल तर बारा वर्षंही जाईल, आणि पश्चिमेच्या उन्हात पत्र्याखाली असेल तर सात-आठ वर्षांतही मान टाकेल. "दहावं वर्ष" ही काही पंचांगातली तारीख नव्हे, मधला अंदाज आहे.

आपल्याकडे आणखी एक वैरी आहे, खारा वारा. देवबाग, तारकर्ली, वायरी, आचरा, तोंडवळी इथे खिडकीचे गज किती वर्षांत गंजतात ते तुम्हाला मी सांगायला नको. तोच वारा पेटीच्या स्क्रूंवर, वायर जोडण्याच्या जागी आणि मागच्या पंख्यावर बसतो. त्यामुळे समुद्राकडे तोंड असलेल्या भिंतीवर इन्वर्टर लावू देऊ नका. घराच्या मागच्या किंवा आतल्या पडवीच्या भिंतीवर, पाऊस-ऊन न लागणाऱ्या जागी लावून घ्या आणि चारी बाजूंनी हातभर मोकळी जागा ठेवा. चूल पेटते त्या मांगरात नको, धुराची काजळी आणि उष्णता दोन्ही वाईट. दिसायला बरं नाही म्हणून काहीजण वरून लाकडी कपाट करून घेतात, तेही नको. आत कोंडलेली गरम हवा पेटीला मारते.

तिसरी गोष्ट वीज पडण्याची. मे महिन्यातला वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस यांत गडगडाट जास्त. सोलरला साधारण तीन अर्थिंग लागतात : प्लेटांच्या बाजूचं, घराच्या लाईनच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं. आपली जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी होते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट काम करत नाही. मार्च ते मे आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यांत बादलीभर पाणी ओता. इन्वर्टरचं आयुष्य वाढवणारं याहून स्वस्त काम नाही.

आता हिशोब

गणितासाठी एक घर धरूया. वायरीतलं समजा, पाच माणसांचं. महिन्याला सरासरी १८० युनिट लागतात. यांनी २ किलोवॅटची सिस्टीम बसवली. खर्च आला १,३०,००० रुपये. २ किलोवॅटला केंद्राचं अनुदान ६०,००० रुपये मिळतं, म्हणजे घरातून गेले ७०,०००. सिस्टीम वर्षाला साधारण २,६०० युनिट देते, घराची गरज २,१६० युनिट. प्लेटांची वीज दरवर्षी थोडी थोडी घटते, पण गरजेपेक्षा जरा जास्त बसवलेली असल्यामुळे या घराला ती घट फारशी लागत नाही. बिलातला स्थिर आकार सोलर लावूनही भरावा लागतोच. तो सोडून महिन्याला सरासरी १,५०० रुपये वाचतात असं धरू, म्हणजे वर्षाला १८,०००. तुमच्या घरचा आकडा वेगळा असणार. आधीच्या बारा महिन्यांची आणि सोलरनंतरच्या बारा महिन्यांची बिलं समोरासमोर ठेवून तो काढा. एका महिन्याचं बिल बघून काढू नका, कारण आपल्याकडे एप्रिलचं ऊन आणि जुलैचा पाऊस यांत दुपटीहून जास्त फरक पडतो.

पत्रकातला हिशोब असा : १८,००० गुणिले २५ म्हणजे ४,५०,०००. त्यातून घातलेले ७०,००० वजा केले की निव्वळ बचत ३,८०,०००.

आता राहिलेले खर्च घालू. २ किलोवॅटचा चांगल्या कंपनीचा इन्वर्टर २५,००० रुपयांना मिळेल असं धरू. जुना काढून नवा बसवणं, थोडी केबल, स्विच आणि कुडाळ-कणकवलीहून येणाऱ्या माणसाचं येणं-जाणं याचे ५,०००. एकूण ३०,०००. पंचवीस वर्षांत ही वेळ एकदा नाही, दोनदा येते, दहाव्या वर्षी आणि विसाव्या वर्षी. म्हणजे ६०,०००. योजनेत बसवणाऱ्या एजन्सीने पहिली पाच वर्षं देखभाल करायची असते. पुढच्या वीस वर्षांत गंजलेले नट-बोल्ट, स्टँडला रंग, एखादी केबल, अर्थिंगची दुरुस्ती यासाठी वर्षाला १,५०० धरले तर ३०,०००. दोन्ही मिळून ९०,०००.

३,८०,००० मधून ९०,००० गेले, राहिले २,९०,०००. सोलर तरीही फायद्याचीच आहे, घाबरायचं कारण नाही. फक्त फायदा पत्रकावर छापला होता त्यापेक्षा जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी आहे, आणि त्यातले ६०,००० आपल्या हातून दोन मोठ्या हप्त्यांत जाणार आहेत. अडचण असते ती या "एकदम"ची. महिन्याला वाचलेले १,५०० रुपये कुठे जातात? गॅसमध्ये, मुलांच्या एसटीच्या पासात, चतुर्थीच्या बाजारात. ते वाचले हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. दहाव्या वर्षी मात्र ३०,००० रुपये एका दिवशी मोजावे लागतात, आणि तेव्हा दुसऱ्यांदा अनुदान मिळत नाही. अनुदान सिस्टीम बसवतानाच, एकदाच.

पैसे नाहीत म्हणून घर थांबलं तर काय होतं? वर प्लेटा चांगल्या, खाली पेटी बंद. लोक म्हणतात, "प्लेटी बऱ्ये आसत, मगे वीज खय गेली?" आणि बिल पुन्हा पूर्वीसारखं यायला लागतं. पेटी बंद राहिलेला प्रत्येक महिना १,५०० रुपयांचा. सहा महिने ढकलले तर ९,००० गेले, म्हणजे नव्या इन्वर्टरच्या खर्चाचा जवळपास तिसरा हिस्सा तसाच वाया.

महिन्याला किती बाजूला काढायचे

३०,००० भागिले १२० महिने, म्हणजे महिन्याला २५० रुपये. वाचलेल्या दर सहा रुपयांतला एक रुपया इन्वर्टरचा. असं समजा की महिन्याची खरी बचत १,५०० नाही, १,२५० आहे. घातलेले ७०,००० परत यायला पत्रकाप्रमाणे चार वर्षं लागतात. इन्वर्टरचे २५० बाजूला ठेवून मोजलं तर चार वर्षं आठ महिने.

तुम्ही म्हणाल, दहा वर्षांत किमती वाढतील की. वाढतीलही. पण बाजूला ठेवलेल्या पैशाला व्याजही मिळतं, म्हणून आजची किंमत धरून बिनव्याजी हिशोब केला की वाढीला थोडी जागा आपोआप राहते. दर दोन-तीन वर्षांनी दुकानात आजचा भाव विचारा आणि फारच फरक पडला असेल तर हप्ता बदला.

खरी ओढाताण कर्ज काढलेल्या घराची. वरचेच ७०,००० समजा ७ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी बँकेतून घेतले. हप्ता येतो महिन्याला जवळपास १,३९०. वाचतात १,५००, म्हणजे हातात उरतात कसेबसे ११०. तिथून २५० काढा असं म्हणणं हा नुसता कागदी शहाणपणा झाला. अशा घराने पहिली पाच वर्षं १०० रुपयेच टाकावेत आणि कर्ज फिटल्यावर ४०० करावेत. पहिल्या ६० महिन्यांचे ६,००० आणि पुढच्या ६० महिन्यांचे २४,०००, बेरीज तीच ३०,०००. कर्जाचा शेवटचा हप्ता गेला त्याच महिन्यात ४०० सुरू करायचे, हे आजच कुठेतरी लिहून ठेवा. एकदा का ते १,३९० रुपये घरखर्चात मिसळले की परत वेगळे निघत नाहीत, हे कर्ज फेडलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

ठेवायचे कुठे? माझं मत विचाराल तर पोस्टाच्या आरडीत, तुमच्या स्वतःच्या नावावर. ती पाच वर्षांची असते आणि महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येते, म्हणजे आपल्या हिशोबाला बरोबर बसते. पहिली आरडी १०० ची. ती संपली की आलेली रक्कम पोस्टातच मुदत ठेवीत टाका आणि ४०० ची दुसरी उघडा. इन्वर्टर मध्येच गेला तर तीन वर्षांनंतर आरडी मुदतीआधी बंद करून पैसे काढता येतात.

काही गटांत असा विचार पुढे आला आहे की सगळ्या सोलरवाल्या सभासदांनी मिळून गटातच इन्वर्टर निधी काढावा. कल्पना चांगली वाटते, पण एक गोष्ट लक्षात घ्या. आजारपणाच्या निधीत दहाजणींनी पैसे टाकले तरी दहाही जणी एकाच महिन्यात आजारी पडत नाहीत, म्हणून तो पुरतो. इन्वर्टर मात्र सगळ्यांचे एकाच वर्षी बसले असतील तर जातीलही मागेपुढे एकाच काळात. तेव्हा एकीचे पैसे दुसरीला पुरणार नाहीत, प्रत्येकीचे पूर्ण ३०,००० लागतीलच. शिवाय गटाचा पैसा अंतर्गत कर्जात फिरत असतो, नेमक्या त्या महिन्यात तो बाहेर असला तर? म्हणून साठवण ज्याची त्याची, आणि बैठकीत वर्षातून एकदा पासबुकं दाखवायची, एवढं गटाने करावं.

गटाचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. एक, पेटी लवकर गेली तर. समजा कर्जवाल्या घराची पेटी सातव्या वर्षाच्या शेवटी गेली. तोपर्यंत साठले असतील ६,००० आणि दोन वर्षांचे ४०० प्रमाणे ९,६००, एकूण १५,६००. कमी पडतात १४,४००. हे गटातून अंतर्गत कर्ज घ्या. महिना १ टक्क्याने पहिल्या महिन्याचं व्याज होतं १४४ रुपये, आणि पेटी बंद ठेवली तर महिन्याला जातात १,५००. उशीर करण्यात काही शहाणपण नाही. दोन, खरेदीच्या वेळी. एकाच वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून दर मागितला आणि एकाच फेरीत बसवून घेतलं, तर येण्या-जाण्याचा खर्च विभागला जातो आणि भाव करायलाही जोर येतो.

खरंच इन्वर्टर गेला आहे का?

नवीन घेण्याआधी हे बघाच. चुकीच्या निदानावर ३०,००० जाऊ शकतात.

यासाठी एक सवय हवी. पेटीच्या छोट्या पडद्यावर किंवा मोबाईलच्या अॅपवर आजवर तयार झालेली एकूण युनिटं दिसतात. दर महिन्याच्या १ तारखेला तो आकडा बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा. या महिन्याचा आकडा वजा गेल्या महिन्याचा, ही झाली महिन्याची वीज. तुलना नेहमी त्याच महिन्याशी करायची, या वर्षीचा एप्रिल आणि गेल्या वर्षीचा एप्रिल. वर धरलेल्या २ किलोवॅटला स्वच्छ एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८-९ युनिट यावीत. जुलैत ३-४ आली आणि एखाद्या झडीच्या दिवशी एकच आलं, तर त्यात बिघाड काही नाही.

वीज दर महिन्याला थोडी थोडी कमी होत असेल तर बहुधा प्लेटांवर धूळ, मिठाचा थर, कावळ्यांची घाण किंवा वाढलेल्या माडाची सावली. तिथे बादली आणि कोयता लागेल, नवा इन्वर्टर नाही. सकाळी लवकर, प्लेटा थंड असताना साध्या गोड्या पाण्याने धुवा.

पावसाळ्यात सकाळी पेटी सुरूच होत नाही, पडद्यावर `Isolation Fault` येतं आणि दुपारी ऊन पडल्यावर आपोआप चालू होते, असं झालं तर छपरावरच्या एखाद्या जोडणीत पाणी शिरलं आहे किंवा केबल उंदराने कुरतडली आहे. ही काही शे रुपयांची दुरुस्ती. पण छपरावर स्वतः चढून वायरींना हात लावू नका. उजेड असेपर्यंत प्लेटांच्या वायरमध्ये जोरदार वीज असते, घरचा मेन स्विच बंद केला तरीही.

भर दुपारी पेटी बंद पडते, पंधरा मिनिटांनी सुरू होते, पुन्हा बंद पडते, आणि पडद्यावर `Grid Over Voltage` दिसतं. म्हणजे बाहेरच्या लाईनचा दाब जास्त आहे. लाईनच्या टोकाला असलेल्या वाडीत हे होतं. अशा वेळी बसवणाऱ्याला बोलावून व्होल्टेज मोजून घ्या आणि महावितरणला लेखी तक्रार द्या. नवी पेटी लावलीत तर तीही तशीच बंद पडेल. `No Grid` दिसलं तर घरात लाईट आहे का ते बघा. लाईट असूनही तेच दिसत असेल तर मधला छोटा स्विच पडलेला असतो, बहुतेक वेळा.

मग पेटी म्हातारी झाल्याची खूण कोणती? लाईनचा दाब ठीक, ऊन स्वच्छ, प्लेटा धुतलेल्या, आणि तरी ऐन उन्हात वीज अर्ध्यावर येते. पेटी हाताला चटका बसेल इतकी तापते. पंखा असलेल्या पेटीत तो खरखरतो किंवा फिरतच नाही. पडदा अंधुक होतो. दिवसातून अनेकदा आपोआप बंद-चालू होते, दर वेळी वेगळाच संदेश दाखवते. अशी चिन्हं आठव्या-नवव्या वर्षी दिसायला लागली तर चौकशी सुरू करा. नुसता पंखा गेला असेल तर तो बदलून दोन-तीन वर्षं काढता येतात. आतलं मुख्य कार्ड गेलं असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्या पेटीच्या निम्म्याच्या जवळ जात असेल, तर दहा वर्षांच्या पेटीवर तो करू नये असं मला वाटतं. एक भाग नवा घातला तरी बाकीचे सगळे भाग तितकेच जुने असतात.

ज्यांची सोलर अजून बसायची आहे त्यांच्यासाठी

तुम्ही नशीबवान, कारण काही गोष्टी तुम्हाला आधीच विचारता येतील. इन्वर्टरची वॉरंटी कंपनीप्रमाणे ५, ७, ८ किंवा १० वर्षांची असते. १० वर्षांचीसाठी समजा ४-५ हजार जास्त पडले तरी आपल्या किनाऱ्यावर ती घ्यावी, कारण सातव्या वर्षी पेटी जाण्याची भीती तिथेच संपते. पण कागद पूर्ण वाचा, किंवा घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. वॉरंटी इन्वर्टर कंपनीची आहे की नुसती एजन्सीची? एजन्सी दहा वर्षांनी दुकान मांडून बसलेली असेल याची खात्री कोण देणार? पेटी मोफत मिळाली तरी माणसाचं येणं आणि बसवणं कोणाच्या खर्चाने? वीज पडून झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं आपल्यासाठी : काही कंपन्यांच्या कागदात समुद्रापासून ठराविक अंतराच्या आत बसवलेल्या पेटीला वॉरंटी नाही, किंवा अटी वेगळ्या, असं बारीक अक्षरात असतं. तुमचं घर किनाऱ्यापासून किती मीटरवर आहे ते सांगून "चालेल" हे लेखी घ्या.

बसवल्या दिवशी प्रत्येक प्लेटच्या मागच्या स्टिकरचा आणि इन्वर्टरच्या बाजूच्या स्टिकरचा फोटो काढा आणि बिल-वॉरंटी कार्डाची झेरॉक्स त्याच वहीत ठेवा. दहा वर्षांनी प्लेटांखाली जाऊन ते स्टिकर वाचणं अवघड जातं, खाऱ्या हवेत अक्षरंही उडतात. पण नवा इन्वर्टर निवडायला तेच आकडे लागतात, कारण जुन्या प्लेटा मिळून जो दाब देतात तो नव्या पेटीला चालायला हवा. दुकानदार "हो ताई, हा चालतो" म्हणाला तरी फोटो दाखवून विचारा. नवी पेटी तितक्याच किलोवॅटची घ्या, आणि बदल केल्याचं महावितरणच्या उपविभागीय कार्यालयाला नव्या पेटीच्या नंबरासह लेखी कळवून पोच घ्या.

विसाव्या वर्षी दुसऱ्यांदा खर्च करायच्या आधी मात्र छपरावरचा लोखंडी स्टँड तपासून घ्या. ३०,००० घालून पुढच्या पाच वर्षांत ९०,००० वाचत असतील तर व्यवहार चांगला आहे. पण स्टँडचे पाय गंजून पातळ झाले असतील तर पुढच्या वादळात प्लेटा शेजारच्या खळ्यात जाऊन पडतील. तेव्हा आधी स्टँडच्या दुरुस्तीचा दर घ्यायचा, मग दोन्ही खर्च एकत्र धरून ठरवायचं. आणि काढलेली जुनी पेटी भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकू नका. नवी घेताना दुकानदाराला ती परत घ्यायला सांगा आणि तिचे काही पैसे बिलातून कमी होतात का तेही विचारा.